अडीच इंची ड्राइव्हसाठी वेगळा कप्पा नसलेल्या कॅबिनेटमध्ये तो कसा बसवावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या डेस्कटॉप कॅबिनेटमध्ये साडेतीन इंची हार्ड डिस्कचे कप्पे असतात, डीव्हीडी ड्राइव्हसाठी सव्वापाच इंची कप्पा असतो. पण अडीच इंची एसएसडीसाठी जागा ठेवलेली नसते, कारण ती कॅबिनेटे बनली तेव्हा हा आकार लॅपटॉपचा मानला जात होता. अशा कॅबिनेटमध्ये साटा एसएसडी पक्की कशी बसवावी, याबद्दल पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

ही माहिती नेमक्या कोणत्या ड्राइव्हला लागू पडते?

मुख्यतः ७ मिमी जाडीच्या साटा एसएसडीला. तिची रुंदी ६९.८५ मिमी आणि लांबी सुमारे १०० मिमी असते, वजन साधारण ४० ते ६० ग्रॅम भरते, आणि तिच्यात फिरणारा एकही भाग नसतो. त्यामुळे ती आडवी, उभी किंवा उलटी कशीही बसवली तरी चालते. अडीच इंची फिरत्या हार्ड डिस्कची मापे जवळपास तीच असली तरी तिच्या गरजा वेगळ्या आहेत, म्हणून तिच्यासाठी खाली स्वतंत्र उत्तर आहे. सर्व्हरमध्ये वापरले जाणारे १५ मिमी जाडीचे यू.२ ड्राइव्ह दिसायला याच कुटुंबातले वाटतात; पण ते बरेच तापतात आणि त्यांना वाऱ्याचा थेट झोत लागतो, म्हणून पुढील उपाय त्यांच्यासाठी वापरू नयेत.

एसएसडीत फिरणारे काहीच नसेल, तर ती कॅबिनेटच्या तळाशी मोकळी ठेवून दिली तर काय बिघडते?

एसएसडीच्या आतल्या भागाचे काहीच बिघडत नाही. बिघडण्याची शक्यता असते ती तिच्या कनेक्टरची, आणि ड्राइव्ह पक्का बसवण्याचे खरे कारणही तेच आहे.

साटा ड्राइव्हच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकच्या दोन पातळ जिभा असतात. लहान जीभ डेटा केबलची, सात संपर्कांची. मोठी जीभ वीजपुरवठ्याची, पंधरा संपर्कांची. प्रत्येक जिभेच्या टोकाला इंग्रजी एल अक्षरासारखे वळण असते, जेणेकरून प्लग उलटा घातला जाऊ नये. या जिभा प्लग सरळ आत-बाहेर होण्यासाठी पुरेशा मजबूत असतात, पण वरून किंवा खालून ताण आला की सहज तुटतात. एसएमपीएसकडून येणारी वीज केबल जाड आणि ताठ असते. मोकळ्या एसएसडीचे वजन इतके कमी असते की ती केबल ड्राइव्हला आपल्या वळणाप्रमाणे उचलून धरते, आणि अशा स्थितीत कॅबिनेट हलवले किंवा शेजारची दुसरी केबल ओढली गेली की सगळा ताण त्या जिभेवर येतो. जीभ तुटली की तुकडा प्लगमध्येच अडकून राहतो आणि संपर्काच्या नाजूक पट्ट्या उघड्या पडतात. आतला डेटा शाबूत असतो, पण तो मिळवण्यासाठी दुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढावी लागते.

दुसरा धोका कमी वेळा उद्भवतो, पण अधिक महागात पडतो. बऱ्याच एसएसडींचे कवच धातूचे असते. असा मोकळा ड्राइव्ह कॅबिनेट आडवे करताना घसरून मदरबोर्डवर किंवा ग्राफिक्स कार्डाच्या मागच्या बाजूवर पडला आणि संगणक त्या वेळी चालू असला, तर तेथील उघड्या डाखांमध्ये शॉर्ट होऊ शकतो.

म्हणून पुढे दिलेला कोणताही उपाय निवडताना दोनच गोष्टी तपासाव्यात: ड्राइव्ह हलत नाही ना, आणि केबलचा भार जिभेवर येत नाही ना. दिसायला तो उपाय ओबडधोबड असला तरी हरकत नाही.

साडेतीन इंची कप्पा रिकामा आहे. एसएसडी त्यात थेट स्क्रूने का बसत नाही?

साडेतीन इंची ड्राइव्ह १०१.६ मिमी रुंद असतो आणि एसएसडी सुमारे ७० मिमी. म्हणजे एसएसडी कप्प्याच्या एका भिंतीला टेकवली की दुसऱ्या बाजूला जवळजवळ ३२ मिमी जागा रिकामी राहते. तरीही हलक्या एसएसडीला एका बाजूने दोन स्क्रू मिळाले असते, तर तेवढे पुरले असते. अडचण आहे ती भोकांमधल्या अंतराची.

एसएसडीच्या कडेवर दोन भोके असतात आणि त्यांच्यातील अंतर ७६.६ मिमी असते. साडेतीन इंची हार्ड डिस्कच्या कडेवरील टोकाच्या दोन भोकांत १०१.६ मिमी अंतर असते. मधले तिसरे भोक एका टोकापासून सुमारे ४१.६ आणि दुसऱ्यापासून ६० मिमीवर येते. कप्प्याच्या भिंतीत भोके याच मापांनी पाडलेली असतात. या तिन्ही अंतरांपैकी कोणतेही ७६.६ च्या जवळपास जात नाही, म्हणून एक स्क्रू जुळवला की दुसरा जुळत नाही. एकाच स्क्रूवर ड्राइव्ह टांगला तर तो त्याभोवती फिरतो, आणि तो फिरू नये म्हणून विरोध करण्याचे काम पुन्हा केबलवर पडते.

काही कॅबिनेटांच्या कप्प्यात गोल भोकांऐवजी लांबट खाचा असतात. तुमच्या कॅबिनेटमध्ये तशा असतील तर पट्टीने मोजून पाहावे. दोन खाचांच्या आत कोठेही ७६.६ मिमी अंतर साधत असेल, तर वॉशर घालून दोन स्क्रूंवर एसएसडी थेट बसवता येते आणि काहीही विकत आणावे लागत नाही.

मग ब्रॅकेट घेणे हाच सर्वांत चांगला मार्ग का? घेताना काय पाहावे?

साडेतीन इंची कप्पा रिकामा असेल तर होय, दुसरा विचार करण्याची गरज नाही. अडीच ते साडेतीन इंची ब्रॅकेट म्हणजे पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा एक ट्रे असतो. त्यात एसएसडी बसते आणि तो ट्रे हार्ड डिस्कच्या जागी जातो. संगणकाच्या सुट्या भागांच्या दुकानात तो स्वस्तात मिळतो. काही एसएसडींच्या खोक्यातच तो दिलेला असतो, म्हणून खरेदीपूर्वी खोके एकदा तपासावे.

पाहायचे ते ब्रॅकेटच्या कडेची भोके. स्वस्त ब्रॅकेटांपैकी काहींना फक्त तळाला भोके असतात, कडेला नसतात. पण बहुतेक कॅबिनेटांत हार्ड डिस्क कडेने कसली जाते. ऑफिसांतून निघालेल्या ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये तर स्क्रूच नसतात. तेथे लवचीक प्लॅस्टिकचा ट्रे असतो आणि त्याच्या आतल्या खुंट्या हार्ड डिस्कच्या कडेच्या भोकांत शिरतात. अशा ट्रेमध्ये ब्रॅकेट घालायचे असेल तर त्याच्या कडेची भोके १०१.६ मिमी अंतरावर हवीत आणि ब्रॅकेटची रुंदी पूर्ण हवी. ते दोन मिमी जरी अरुंद असले तरी खुंट्या नीट पकडत नाहीत आणि ट्रे सरकवताना ब्रॅकेट बाहेर निसटते.

आणखी एक बाब केवळ बाहेरून ड्राइव्ह घालता-काढता येणाऱ्या, म्हणजे हॉट-स्वॅप कप्प्यांसाठी आहे. तेथे मागच्या सर्किट पट्टीवर कनेक्टर ठरावीक जागी पक्का बसवलेला असतो. साध्या ब्रॅकेटमध्ये एसएसडी मधोमध बसते, तेव्हा तिचा कनेक्टर साडेतीन इंची ड्राइव्हच्या कनेक्टरच्या जागी येत नाही. त्यासाठी एसएसडी एका बाजूला आणि मागच्या कडेला सरकवून बसवणारे खास ब्रॅकेट घ्यावे लागते.

हार्ड डिस्कचे उरलेले स्क्रू एसएसडीला चालतात का?

नाही. अडीच इंची ड्राइव्हला एम३ स्क्रू लागतात, म्हणजे ३ मिमी जाडीचे आणि बारीक आट्यांचे. साडेतीन इंची हार्ड डिस्कला ६-३२ या इंची मापाचे स्क्रू लागतात. ते सुमारे साडेतीन मिमी जाड असून त्यांचे आटे मोठे असतात. दोन स्क्रू शेजारी धरून उजेडात पाहिले की आट्यांमधला फरक डोळ्यांना सहज कळतो. डीव्हीडी ड्राइव्हचे स्क्रू मात्र एम३ असतात, त्यामुळे जुन्या डीव्हीडी ड्राइव्हचे स्क्रू एसएसडीला उपयोगी पडतात. फक्त त्यांची लांबी पाहावी.

जाड स्क्रू एसएसडीच्या भोकात पहिल्याच वळणाला अडतो. तेथे जोर लावला तर आटे कायमचे खराब होतात, म्हणून पहिली दोन वळणे स्क्रू-ड्रायव्हरशिवाय, बोटांनीच द्यावीत. लांबीबाबतही दक्षता हवी. ड्राइव्हच्या आत स्क्रू ३ मिमीपेक्षा जास्त जाऊ नये, कारण त्यापलीकडे आतल्या सर्किट बोर्डाला किंवा तळाच्या कवचाला टोक लागू शकते. ब्रॅकेट घेतल्यास स्क्रूंचे दोन्ही प्रकार लागतात: एसएसडी ब्रॅकेटला एम३ ने, आणि ब्रॅकेट कॅबिनेटला बहुधा ६-३२ ने. ब्रॅकेटसोबत येणाऱ्या पुडीत दोन्ही मिसळलेले असतात. ते आधीच वेगळे करून ठेवावेत.

डीव्हीडी ड्राइव्हच्या कप्प्यात एसएसडी बसवता येते का?

येते. सव्वापाच इंची कप्प्यासाठीही ब्रॅकेट मिळते आणि त्यात अनेकदा एक साडेतीन इंची व एक-दोन अडीच इंची ड्राइव्ह मावतात. तथापि हा कप्पा कॅबिनेटच्या वरच्या टोकाला असतो आणि तेथपर्यंत एसएमपीएसची साटा वीज केबल पोचते की नाही, हे ब्रॅकेट घेण्याआधी पाहावे. कप्पा रिकामा असल्यास पुढचे झाकण मात्र काढू नये, नाहीतर धूळ थेट आत येते.

सर्व कप्पे भरलेले आहेत, किंवा कॅबिनेटमध्ये कप्पाच नाही. पत्र्याला भोके पाडून एसएसडी बसवावी का? कशी?

टेपने चिकटवण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी चांगला आहे आणि वाटतो तितका अवघड नाही. एक उदाहरण पूर्ण पाहू. समजा, कॅबिनेटच्या तळाचा पत्रा ०.७ मिमी जाड आहे आणि पुढच्या बाजूला, हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याखाली, हाताच्या पंज्याएवढी सपाट जागा मोकळी आहे.

एसएसडीच्या तळाला एम३ ची चार भोके असतात. रुंदीच्या दिशेने त्यांच्यात ६१.७२ मिमी अंतर असते आणि लांबीच्या दिशेने ७६.६ मिमी. कनेक्टरच्या कडेपासून पहिली जोडी १४ मिमीवर येते. हा आयत कागदावर आखावा, किंवा त्याहून सोपे म्हणजे एसएसडीच्या तळावर पातळ कागद घट्ट धरून वरून पेन्सिल घासावी. चारही भोकांचे ठसे कागदावर उमटतात. कागद उलटा झाला तर भोके चुकतील, अशी भीती वाटते, पण चारही भोके ड्राइव्हच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर असल्यामुळे कागद उलटसुलट झाला तरी फरक पडत नाही. फक्त कनेक्टरचे टोक कोणते, याची खूण कागदावर करून ठेवावी.

आखणी बरोबर आहे का, हे कर्ण मोजून तपासावे. दोन्ही कर्ण ९८.४ मिमी भरले पाहिजेत. एक ९७ आणि दुसरा ९९.५ भरत असेल, तर आयत तिरका झाला आहे, आणि तो पत्र्यावर जाण्याआधीच सुधारणे सोपे असते.

जागा ठरवताना कनेक्टरच्या बाजूला किमान ४ सेंटिमीटर मोकळे सोडावेत. सरळ प्लग आणि केबलचे पहिले वळण तेवढी जागा घेतात. भिंत त्याहून जवळ आली तर केबल मोडल्यासारखी वळते आणि पुन्हा जिभेवर ताण येतो. पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला काय आहे, तेही पाहावे. तळाला कॅबिनेटचे पाय असतात आणि त्यांच्या उंचीमुळे स्क्रूची डोकी जमिनीला टेकत नाहीत, म्हणून तळ ही सोयीची जागा आहे.

भोके पाडण्यापूर्वी मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस आणि आधीची हार्ड डिस्क बाहेर काढावी. हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि नेमका तोच टाळावासा वाटतो. पण ड्रिलमधून उडणारा लोखंडाचा चुरा केसासारखा बारीक असतो. तो मदरबोर्डच्या खाचेत किंवा एसएमपीएसच्या पंख्यातून आत गेला तर तो कधी शॉर्ट घडवील, याचा नेम नसतो. वर्तमानपत्र पसरून झाकल्याने हा धोका टळत नाही.

कागद चिकटपट्टीने पत्र्यावर बसवावा आणि प्रत्येक खुणेवर सेंटर पंचने, तो नसल्यास जाड खिळ्याने, हातोडीचा हलका ठोका द्यावा. या खळीमुळे ड्रिलचे टोक घसरत नाही. आधी २ मिमीच्या ड्रिलने आणि नंतर ४ मिमीच्या ड्रिलने भोक करावे. एम३ स्क्रूला ३.२ मिमीचे भोक पुरते, हे खरे. पण घरी हाताने पाडलेली चार भोके एकमेकांशी इतकी अचूक जुळत नाहीत. ४ मिमीच्या भोकात स्क्रूला सर्व बाजूंनी अर्धा मिमी हलायला जागा मिळते आणि वर वॉशर बसवला की पकड तेवढीच पक्की राहते. भोकाच्या कडांवरचे ओरखडे कानशीने काढावेत, चुरा आधी चुंबकाने आणि मग ओल्या फडक्याने पुसून घ्यावा, आणि पत्रा पूर्ण कोरडा झाल्यावरच भाग परत बसवावेत.

स्क्रूची लांबी ठरवण्याचा हिशेब असा: पत्रा ०.७ मिमी, वॉशर ०.५ मिमी, म्हणजे ४ मिमी लांबीच्या स्क्रूपैकी २.८ मिमी ड्राइव्हच्या आत जातो. हे ३ मिमीच्या मर्यादेत बसते. ५ मिमीचा स्क्रू वापरला तर ३.८ मिमी आत जाईल. तो चालणार नाही, निदान आणखी दोन वॉशर घातल्याशिवाय नाही. कॅबिनेट आडवे करून एसएसडी आतून भोकांवर धरावी, चारही स्क्रू बाहेरून सैल लावावेत आणि सगळे आत शिरल्यावर मगच कसावेत. एक स्क्रू आधीच पूर्ण कसला तर उरलेले तीन जुळत नाहीत.

कॅबिनेटला भोके पाडायची नाहीत. डबल साइड टेप पुरेशी आहे का?

एसएसडीसाठी चांगल्या प्रतीची टेप पुरते, कारण पन्नासेक ग्रॅम वजन तिच्या दृष्टीने काहीच नाही. मात्र स्टेशनरीच्या दुकानातील कागदी किंवा पांढऱ्या स्पंजाची टेप वापरू नये. कॅबिनेटच्या आत सतत ऊब असते आणि आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, खोलीच चाळिशीच्या पुढे जाते. अशा उष्णतेत साध्या टेपचा डिंक मऊ पडतो आणि उभ्या पत्र्यावरचा ड्राइव्ह हळूहळू खाली सरकू लागतो. त्याऐवजी ३एमची व्हीएचबी किंवा त्या प्रकारची ॲक्रिलिक फोम टेप घ्यावी. ती गाड्यांच्या आणि इमारतींच्या कामात वापरली जाते.

टेप सुटण्याचे कारण बहुतेक वेळा टेप नसून तिच्याखालची धूळ आणि हाताचे तेल असते. पत्रा आणि एसएसडीचे कवच दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे आणि वाळू द्यावे. टेपचे दोन तुकडे ड्राइव्हच्या लांबीइतके कापून लावावेत, जागेवर ठेवून पंधरा-वीस सेकंद जोराने दाबावे आणि लगेच केबल जोडू नये. या टेपची पकड वेळेनुसार वाढत जाते. साध्या खोलीच्या तापमानाला ती २४ तासांत जवळजवळ पूर्ण होते आणि पूर्ण ताकदीला सुमारे ७२ तास लागतात. रात्रभर थांबणे एवढी शिस्त तरी पाळावी.

कोणती बाजू चिकटवायची, हेही आधी ठरवावे. मालिका क्रमांकाचा स्टिकर असलेली बाजू मोकळी ठेवावी, कारण वॉरंटीसाठी तो क्रमांक वाचता यावा लागतो आणि टेप काढताना स्टिकर तिच्यासोबत निघून येतो. पुढे कधी ड्राइव्ह काढायचा झाल्यास स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नये; हेअर ड्रायरने कोमट करून मासेमारीचा नायलॉन दोरा टेपमधून करवतीसारखा मागेपुढे ओढला की ती कापली जाते.

वेल्क्रो, केबल टाय किंवा लोहचुंबक वापरले तर?

चिकट पाठीचे वेल्क्रो सोयीचे आहे, विशेषतः ड्राइव्ह वारंवार काढावा लागत असेल तर. त्याचा डिंक मात्र टेपइतका टिकत नाही, म्हणून ते आडव्या पृष्ठभागावर वापरावे. केबल टाय हा कमी लेखला जाणारा उपाय आहे. कॅबिनेटच्या तळाला किंवा पुढच्या बाजूला हवेसाठी जाळी असेल, तर दोन टाय जाळीतून ओवून ड्राइव्हच्या रुंदीभोवती घेता येतात. एक कनेक्टरपासून थोडा मागे, दुसरा विरुद्ध टोकाजवळ. ड्राइव्हखाली फोमची पातळ पट्टी ठेवली की तो सरकत नाही. त्यामुळे जाळीचा काही भाग झाकला जातो, तो पंख्यासमोरचा नसावा, एवढेच पाहावे.

लोहचुंबकाने एसएसडीतील डेटाला अपाय होत नाही. तरीही तो उपाय सुचवावासा वाटत नाही, कारण केबलने किंचित ओढले तरी चुंबक पत्र्यावर घसरतो, आणि शेजारी फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्याजवळ शक्तिशाली चुंबक आणणे शहाणपणाचे नाही.

कॅबिनेटमध्ये कोणती जागा टाळावी?

ग्राफिक्स कार्डाच्या लगतची आणि प्रोसेसरच्या पंख्याची गरम हवा थेट जेथे लागते, ती. साध्या साटा एसएसडीची चालू स्थितीतील तापमानमर्यादा सहसा ७० अंश सेल्सिअस असते आणि घरगुती वापरात ती स्वतः फारशी तापत नाही, त्यामुळे तिच्यासाठी वेगळा पंखा लागत नाही. मदरबोर्डच्या पत्र्यामागची अरुंद जागाही चालते. मात्र बाजूचे झाकण लावताना ते ड्राइव्हवर किंवा प्लगवर दाब देत नाही, याची खात्री करावी. झाकण बसवायला जोर लावावा लागत असेल तर ती जागा सोडून द्यावी.

वीज केबल नव्या जागेपर्यंत पोचत नाही. काय करावे?

आधी जागा बदलता येते का, ते पाहावे. केबल वाढवण्यापेक्षा ते बरे. एसएमपीएसच्या एकाच केबलवर दोन-तीन साटा प्लग थोड्या थोड्या अंतरावर असतात, म्हणून दोन ड्राइव्ह एकमेकांजवळ असले की अडचण सहसा येत नाही. डेटा केबल एक मीटरपर्यंत लांब चालते, पण ५० सेंटिमीटरची बहुतेक कॅबिनेटांना पुरते.

साटा वीज प्लग शिल्लकच नसेल तर जुन्या चार पिनांच्या मोलेक्स प्लगवरून साटा करणारी केबल मिळते. तिच्यात दोन प्रकार आहेत. ज्यात साटा प्लग प्लॅस्टिक ओतून एकसंध बनवलेला असतो, त्यात आतल्या तारा एकमेकींजवळ सरकून शॉर्ट होण्याच्या आणि प्लग जळण्याच्या घटना घडलेल्या आहेत. ज्यात प्रत्येक तार वेगवेगळी आत खोचलेली दिसते आणि मागे झाकण असते, तो प्रकार घ्यावा.

एसएसडीच्या धातूच्या कवचाचा पत्र्याला स्पर्श झाला तर शॉर्ट होतो का?

होत नाही. कवच आणि कॅबिनेट दोन्ही एकाच अर्थिंगला जोडलेले असतात. ब्रॅकेटमध्ये स्क्रूने बसवतानाही तो संपर्क होतच असतो. काळजी फक्त चालू सर्किट बोर्डाला कवच लागू नये, एवढीच घ्यायची.

अडीच इंची फिरती हार्ड डिस्क याच पद्धतींनी बसवता येईल का?

स्क्रूच्या पद्धतींनी येईल, टेपने किंवा वेल्क्रोने बसवू नये. हार्ड डिस्कमध्ये तबकड्या सहसा मिनिटाला ५,४०० फेरे घेतात आणि वाचणारे डोके त्यांच्यावर अत्यंत कमी अंतरावरून फिरते. मऊ फोमवर बसवलेली डिस्क स्वतःच्या हालचालीनेच डुलते, डोके मार्गावरून ढळते आणि वाचन-लेखन पुन्हा पुन्हा करावे लागते; वापरणाऱ्याला ते संगणक मंदावल्यासारखे जाणवते. चारही स्क्रू लावावेत.

तिच्या तळाला सर्किट बोर्ड उघडा असतो, म्हणून तळ थेट पत्र्यावर टेकवू नये. चारही भोकांशी मध्ये वॉशर ठेवून अंतर राखावे आणि वाढलेल्या जाडीनुसार स्क्रूची लांबी पुन्हा मोजावी. वरच्या बाजूला हवेचे एक बारीक छिद्र असू शकते आणि त्याशेजारी ते न झाकण्याची सूचना छापलेली असते. ते टेपने किंवा टायने बंद होऊ देऊ नये.

बसवणी नीट झाली आहे, हे कसे ओळखावे?

संगणक बंद असताना प्लगजवळ केबलला बोटाने हलका धक्का द्यावा. केबल हलली आणि ड्राइव्ह व प्लग दोन्ही स्थिर राहिले, तर काम नीट झाले आहे. केबलसोबत प्लग कलत असेल तर ती केबल ड्राइव्हपासून आठ-दहा सेंटिमीटरवर कॅबिनेटच्या पत्र्याला टायने बांधावी. ओढ तेथेच अडते आणि प्लगपर्यंत जात नाही. टेपने बसवलेल्या ड्राइव्हला तर असा टाय आवश्यकच समजावा.

संगणक चालू झाल्यावर सदोष जोडणीची लक्षणे फसवी असतात. ड्राइव्ह कधी बायोसमध्ये दिसतो, कधी नाही. फाइल कॉपी होताना मध्येच काही सेकंद सगळे थांबते. आणि दोष एसएसडीला दिला जातो. अशा वेळी ड्राइव्हने स्वतः ठेवलेली नोंद पाहावी. लिनक्सवर ती अशी वाचता येते, `sda` च्या जागी आपल्या ड्राइव्हचे नाव घालून:

```
sudo smartctl -A /dev/sda
```

अनेक साटा ड्राइव्हांच्या यादीत १९९ क्रमांकाची नोंद `UDMA_CRC_Error_Count` किंवा `CRC_Error_Count` या नावाने असते. केबलमधून जाताना डेटा बिघडून पुन्हा पाठवावा लागला की हा आकडा वाढतो. तो मागे कधी जात नाही, म्हणून तो शून्य नाही एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. जुन्या सैल केबलच्या काळातील चुकाही त्यात कायम राहतात. आजचा आकडा लिहून ठेवावा, आठवडाभर नेहमीचे काम करावे आणि पुन्हा पाहावे. आकडा तेवढाच राहिला तर जोडणी चांगली आहे. वाढला असेल तर प्रथम प्लग काढून पुन्हा घट्ट बसवावा, मग डेटा केबल बदलून पाहावी, आणि तरीही वाढत राहिला तर मदरबोर्डवरील दुसऱ्या साटा पोर्टला ती जोडून पाहावी.